रन-अराउंड कॉइलची रिकव्हरी पुन्हा पुन्हा पडते? पंपाचा वेग वाढवण्याआधी एक्स्पान्शन टँक कुठे जोडलाय ते बघा

तक्रार साधारण अशी येते. रन-अराउंड कॉइल म्हणजे एक्झॉस्ट आणि ताज्या हवेतल्या दोन कॉइल, ज्यांच्यात पाणी फिरवून एका हवेची उष्णता दुसरीकडे नेतात. सर्व्हिसिंग झालं की ती छान चालते. मग हळूहळू रिकव्हरी कमी होत जाते आणि दोन-तीन महिन्यांत निम्म्यावर येते. कोणीतरी वर जाऊन एअर व्हेंट उघडतं, फुसफुस करत भरपूर हवा निघते, पाणी टॉप-अप होतं, काही दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. मध्येच कोणीतरी पंपाचा वेग ठरवणारा व्हीएफडी 40 हर्ट्झवरून 50 वर नेऊन ठेवतं. त्यानंतर हवा आणखी लवकर भरायला लागते.

हा दोष मी बऱ्याच ठिकाणी पाहिलाय, आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा कॉइलमध्ये नसतं. पुण्याजवळच्या एका संशोधन संस्थेच्या प्राणीगृहातलं उदाहरण घेऊन सगळं सांगतो, म्हणजे आकडे डोळ्यासमोर राहतील.

प्राणीगृहाला शंभर टक्के ताजी हवा लागते, ती चोवीस तास, तासाला बारा-पंधरा वेळा हवा बदलेल अशी. आतून निघणाऱ्या हवेत अमोनिया, केस, भुशाची धूळ आणि ॲलर्जी आणणारे कण असतात. त्यातलं काहीही परत आत येऊन चालत नाही. हीट व्हील लावलं तर तेच चाक आळीपाळीने दोन्ही हवांमधून फिरतं, त्यामुळे पर्ज आणि सील कितीही चांगले असले तरी थोडी हवा आणि वास पलीकडे जातोच. रन-अराउंडमध्ये दोन्ही हवा वेगळ्या डक्टमधून, वाटलं तर वेगळ्या मजल्यांवरून जातात. मधे फिरतं ते फक्त पाणी, तेही बंद पाइपात. रिकव्हरी व्हीलपेक्षा कमी मिळते, पण इथे दुसरा चांगला पर्याय नाही. म्हणून "सारखी कटकट आहे, व्हीलच बसवा" असा सल्ला मिळाला तर तो घेऊ नका. दोष दुरुस्त होण्यासारखा आहे.

आधी अंश नाही, टक्के मोजा

पावसाळ्यात निम्म्या तक्रारी खोट्या निघतात. बाहेर 26 आणि एक्झॉस्ट 23 अंश असेल, तर एकदम निरोगी सिस्टीमसुद्धा सप्लाय हवा जेमतेम दीड अंश थंड करेल. पावसाळ्यातला मुख्य भार हवेतल्या ओलाव्याचा असतो, आणि रन-अराउंड फक्त तापमानाची देवाणघेवाण करते. तेव्हा "उन्हाळ्यात सात अंश मिळत होते, आता दीडच मिळतो" हा दोष नाही. बाहेरची हवा आणि एक्झॉस्ट यांच्यात किती फरक होता आणि त्यातला किती मिळाला, हा भागाकार करा. फरक तीन अंशांच्या आत असेल तर मोजण्यात अर्थ नाही, थर्मामीटरची चूकच त्यात मोठी ठरते.

म्हणून तपासणीला एप्रिल-मेची दुपार घ्या, नाहीतर जानेवारीची पहाट. आमच्या उदाहरणात मे महिना होता. हवा दोन्ही बाजूंना 10,000 सीएमएच, म्हणजे तासाला तितके घनमीटर. बाहेर 38, एक्झॉस्ट 23, म्हणजे फरक 15 अंश. ताजी हवा रिकव्हरी कॉइलमधून बाहेर पडत होती 34.4 वर. मिळाले 3.6 अंश, म्हणजे 24 टक्के. डिझाइन 50 टक्क्यांचं होतं.

पाण्याचं तापमान काय सांगतं

इथे बहुतेक लोक थांबतात आणि कॉइल धुवायला घेतात. त्याआधी आणखी दोन तापमानं घ्या: सप्लाय कॉइलमध्ये शिरणारं पाणी आणि तिथून निघणारं पाणी. थर्मोवेल नसेल तर पाइपाचा रंग खरवडून क्लॅम्प सेन्सर लावा आणि वरून इन्सुलेशन गुंडाळा.

कारण असं. ही सिस्टीम सगळ्यात चांगली चालते ती पाण्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता हवेच्या क्षमतेइतकी असते तेव्हा. तसं असलं की हवा जितके अंश थंड होते तितकेच अंश पाणी तापतं. पुण्याच्या उंचीवर हवा थोडी विरळ आहे, तरी 10,000 सीएमएच हवेला एक अंश बदलायला सुमारे 3.1 किलोवॅट लागतात. तेवढीच क्षमता साध्या पाण्याला येते मिनिटाला साधारण 45 लिटर प्रवाहावर. तोच आपला लक्ष्य-प्रवाह. फ्लो मीटर नसला तरी दोन तापमान-फरकांची तुलना करून प्रवाह कळतो.

आमच्याकडे पाणी सप्लाय कॉइलमध्ये शिरत होतं 23.5 वर आणि निघत होतं 37.9 वर. म्हणजे पाणी 14.4 अंश तापलं आणि हवा फक्त 3.6 अंश थंड झाली. चौपट फरक, म्हणजे पाणी पाहिजे त्याच्या एक चतुर्थांशच वाहत होतं. पाणी एका टोकाला जवळपास बाहेरच्या हवेइतकं गरम आणि दुसऱ्या टोकाला जवळपास एक्झॉस्टइतकं थंड होत असेल, तर कॉइल आपलं काम पूर्ण करतेय आणि पाणीच कमी पडतंय. अशा वेळी कॉइल धुऊन काही मिळत नाही.

याउलट दोन्ही फरक सारखे आहेत आणि तरी टक्केवारी कमी आहे, तर प्रवाह ठीक असून उष्णता कॉइलच्या आरपार जात नाही. तेव्हा मात्र फिन्स बघा. प्राणीगृहात एक्झॉस्ट कॉइलच्या तोंडावर केसांचा आणि भुशाचा नमद्यासारखा थर बसतो. नवीन बसवलेली सिस्टीम पहिल्या दिवसापासून एक तृतीयांशाच्या वर कधी गेलीच नसेल तर पाइप उलटे जोडलेत का ते तपासा. पाणी आणि हवा कॉइलमध्ये एकाच बाजूने शिरत असतील, तर समतोल प्रवाहावर 33 टक्के ही गणिती मर्यादा आहे. कॉइल कितीही मोठी घ्या, ती ओलांडता येत नाही. पाणी नेहमी हवा जिथून बाहेर पडते त्या बाजूने आत घाला.

आणि हवा पाण्यापेक्षा जास्त अंश बदलत असेल तर पाणी गरजेपेक्षा जास्त फिरतंय. याने रिकव्हरी वाढत नाही, उलट एखाद-दोन टक्के कमीच होते. पंपाची वीज मात्र प्रवाहाच्या घनाने वाढते, दुप्पट प्रवाहाला आठपट. म्हणून मोजल्याशिवाय व्हीएफडी वाढवणं हा या सिस्टीमवरचा उपाय कधीच नाही.

न हलणारा काटा

आता मुख्य गोष्ट. पाणी कमी वाहतंय हे कळलं, पण का? स्ट्रेनर उघडला तर त्यात काळा, बारीक गाळ निघाला, हाताला शाईसारखा लागणारा. वर गच्चीवर एक्झॉस्ट कॉइलच्या व्हेंटमधून हवा निघाली. दोन्ही साफ केलं असतं तर पुढचे दोन महिने शांततेत गेले असते. पण बंद लूपमध्ये काळा गाळ तयार होतो म्हणजे लोखंडी पाइपाला सतत नवा ऑक्सिजन मिळतोय. ही हवा पाणी भरताना राहिलेली नाही, रोज आत येतेय.

तिथला ऑपरेटर मला पॅनलजवळ घेऊन गेला आणि म्हणाला, "साहेब, प्रेशर तर एकदम स्टेडी आहे. पंप बंद असो नाहीतर चालू, काटा 1.3 वरून हलत नाही." त्याने ते चांगल्या खुणेसारखं सांगितलं. मी पंप बंद-चालू करून घेतला. गेज पंपाच्या डिलिव्हरीवर होता आणि काटा खरंच हलत नव्हता.

पंप चालू झाला की डिलिव्हरीचं प्रेशर वाढलंच पाहिजे. ते वाढत नाही याचा अर्थ एक्स्पान्शन टँक, म्हणजे तापून फुगलेलं पाणी सामावून घेणारी टाकी, डिलिव्हरीच्या बाजूला जोडलेला आहे. बंद लूपमध्ये एक्स्पान्शन टँक जिथे जोडतात त्या बिंदूचं प्रेशर पंप चालू झाल्याने बदलत नाही, कारण टँकमधलं पाणी आणि त्यामागची हवा तितकीच राहते. पंपाला जो दाबाचा फरक तयार करायचाय तो मग दुसऱ्या बाजूला तयार होतो. टँक सक्शनला असेल तर सक्शन स्थिर राहून बाकी सगळा लूप वर चढतो. टँक डिलिव्हरीला असेल तर डिलिव्हरी स्थिर राहून बाकी सगळा लूप खाली जातो.

आकड्यांत बघू. पंप तिसऱ्या मजल्यावरच्या प्लांटरूममध्ये, एक्झॉस्ट कॉइल गच्चीवर, पंपापासून 8 मीटर उंच. पाणी पंपातून आधी सप्लाय कॉइलकडे जातं, मग वर एक्झॉस्ट कॉइलकडे आणि तिथून खाली सक्शनला. पंप बंद असताना खाली 1.3 बार, म्हणजे वर 0.5 बार. सगळं ठीक, आणि बरेच जण व्हेंटिंग करतात ते याच अवस्थेत.

मूळ 40 हर्ट्झवर पंपाचा हेड 8 मीटर, म्हणजे 0.8 बार. टँक डिलिव्हरीला असल्यामुळे डिलिव्हरी 1.3 वरच राहते आणि सक्शन 0.5 वर येतं. वरच्या कॉइलच्या आउटलेटला त्यात खाली येणाऱ्या पाइपाचा घर्षणातला 0.15 बार मिळवा आणि उंचीचे 0.8 वजा करा. उत्तर येतं उणे 0.15 बार. म्हणजे पंप चालू असताना गच्चीवरचा ऑटोमॅटिक एअर व्हेंट वातावरणापेक्षा कमी दाबावर बसलेला आहे. तो हवा बाहेर सोडण्याऐवजी आत ओढणार.

आता रिकव्हरी पडली म्हणून पंप 50 हर्ट्झवर नेला. हेड वेगाच्या वर्गाने वाढतो, 8 चे साडेबारा मीटर होतात. तोच हिशोब केला की वर उणे 0.5 बार येतात. व्हेंट आता दुप्पट-तिप्पट जोराने हवा ओढतो. हवेने कॉइलच्या वरच्या सर्किटांमध्ये ठाण मांडलं की प्रवाह घटतो, ऑक्सिजनने गंज वाढतो आणि तो गाळ सप्लाय कॉइलच्या अलीकडच्या स्ट्रेनरमध्ये अडकतो. स्ट्रेनर चोंदला की त्याच्या पुढच्या भागाचं प्रेशर आणखी खाली जातं. दर वेळी टॉप-अप केल्याने गंजरोधक औषध पातळ होत जातं. असं एकातून एक वाढत जातं.

खात्री करायची सोपी रीत आहे. वरच्या व्हेंटजवळ टी लावून उणे आणि अधिक दोन्ही दाखवणारा कंपाउंड गेज बसवा आणि पंप चालू-बंद करा. पंप चालू असताना काटा शून्याच्या डावीकडे गेला की निदान पक्कं. गेज नसेल तर हाताचा व्हेंट पंप चालू असताना किंचित उघडून त्यावर बोट ठेवा. पाणी उडायच्या ऐवजी बोट आत ओढलं गेलं तर तेच उत्तर. लगेच बंद करा, नाहीतर तेवढ्यात आणखी हवा आत जाईल.

दुरुस्ती

टँकची लाइन पंपाच्या सक्शनला, कोणताही बंद होऊ शकणारा व्हॉल्व्ह मधे न ठेवता जोडा. सर्व्हिसिंगसाठी व्हॉल्व्ह लागतोच, तर त्याचं हँडल काढून ठेवा. टँक सक्शनला आल्यावर तोच 1.3 बार भरणा आणि तोच 40 हर्ट्झ धरला तर वरच्या कॉइलला अधिक 0.65 बार मिळतात. एका पाइपाची जागा बदलून 0.8 बारचा फरक पडतो.

टँक हलवताना त्याचा प्रीचार्जही तपासा. टँक लूपपासून तोडून, त्यातलं पाणी पूर्ण काढून, मग टायरच्या गेजने मोजायचा. पाणी आत असताना मोजलं तर नुसतं लूपचंच प्रेशर कळतं. वरपर्यंतची उंची 0.8 बार आणि वर थोडं जास्तीचं, असा 1.1 बार प्रीचार्ज इथे योग्य होता आणि भरणा त्याहून थोडा वर. हवेच्या निपलमधून पाणी आलं तर आतला ब्लॅडर फाटलाय, टँक बदला.

पाइप हलवायला शटडाउन मिळत नसेल, आणि प्राणीगृहात तो सहज मिळत नाही, तर तात्पुरता उपाय म्हणून पंप मूळ वेगावर आणा आणि प्रीचार्ज व भरणा दोन्ही अर्ध्या बारने वाढवा. कॉइल आणि सेफ्टी व्हॉल्व्ह किती बारचे आहेत ते आधी बघा. वरचा ऑटोमॅटिक व्हेंट त्याच्याखालच्या कॉकने बंद करून ठेवा आणि हवा हातानेच, पंप थांबवून काढा.

मग लूप गाळ जाईपर्यंत फ्लश करा, मऊ किंवा डीएम पाणी भरा आणि गंजरोधकाची मात्रा पुन्हा द्या. ग्लायकॉल लागतो का, हाही प्रश्न विचारा. पुण्यात कॉइल गोठायची भीती नाही. थंड देशातल्या स्पेसिफिकेशनवरून उतरवलेलं 30 टक्के ग्लायकॉल इथे फक्त पाणी घट्ट करतं, उष्णता कमी वाहतं आणि पंपाचं काम वाढवतं. हिमाचलात किंवा युरोपात ते हवंच, इथे नको.

शेवटी व्हीएफडी लावायचा तो हर्ट्झ बघून नाही. हवेचा फरक आणि पाण्याचा फरक सारखे येईपर्यंत वेग कमी-जास्त करा आणि तिथे थांबा. आमच्या इथे तो 40 च्या आसपासच आला. त्याच 38 आणि 23 अंशांवर ताजी हवा 30.6 वर निघाली, पाणी 26.8 वरून 34.2 वर गेलं. दोन्हीकडे 7.4 अंश, 49 टक्के. आधी 11 किलोवॅट मिळत होते ते 23 झाले, म्हणजे चिलरवरचा साडेतीन टनांच्या आसपासचा भार उतरला.

ड्रेनमधून जाणारी वाट

लूपचं काम करताना एक गोष्ट हमखास सुटते, आणि जिथे हवा मिसळायला नको तिथे हीच सगळ्यात जास्त त्रास देते. कॉइल फुटली तरी लूपमधलं पाणी बाहेर गळेल, एक्झॉस्टची हवा त्यातून पलीकडे जाणार नाही. पण दोन्ही कॉइलच्या ट्रे एकाच ड्रेन पाइपात सोडलेल्या असतील तर हवेला थेट वाट मिळते.

ट्रॅपमध्ये पाणी आहे तोवर ती वाट बंद असते. पुण्यात एक्झॉस्ट रिकव्हरी कॉइलवर वर्षातून फारसं पाणी सुटतच नाही, कारण आतली हवा कोरडी असते आणि लूपचं पाणी तिच्या दवबिंदूच्या खाली क्वचितच जातं. सप्लाय कॉइलवर पावसाळ्यात थोडंफार सुटतं, उन्हाळ्यात काहीच नाही. म्हणून मेमध्ये दोन्ही ट्रॅप सुकून कोरडे असतात. सप्लाय कॉइल फॅनच्या सक्शनला असल्यामुळे ती ड्रेनमधून हवा ओढते, आणि त्या ड्रेनचं दुसरं टोक एक्झॉस्टच्या ट्रेमध्ये असतं. एक्झॉस्टही उणे दाबावर असेल तर ज्या बाजूला ओढ जास्त तिकडे हवा जाते, आणि फिल्टर भरत जातील तशी ती बाजू बदलूही शकते.

हे ओळखायला धुराची कांडी पुरते. ट्रेच्या ड्रेन तोंडाशी धरा, धूर कुठल्याही दिशेने ओढला गेला तर ट्रॅप कोरडा आहे. उपाय म्हणजे दोन्ही ड्रेन शेवटपर्यंत वेगळे न्या. एक्झॉस्टचा ड्रेन प्राणीगृहाच्या सांडपाण्याच्या प्रक्रियेकडे, सप्लायचा वेगळा. एक्झॉस्टच्या ट्रेला पाणी येतच नसेल तर तिथे झाकण असलेला व्हॉल्व्ह लावा, कॉइल धुताना उघडा आणि मग बंद करा.

कॉइल धुण्याचं म्हणाल तर एक्झॉस्टची आणि सप्लायची कॉइल एकाच ब्रशने, एकाच जेटने, एकाच फेरीत कधीही धुऊ नका. एक्झॉस्टची बाजू कायम मळकी धरा. तिचं सामान वेगळं ठेवा आणि ते काम मास्क-हातमोजे घालून सगळ्यात शेवटी करा. तांब्याच्या नळ्यांना ओल आणि अमोनिया एकत्र सोसत नाही, त्यामुळे धुतल्यावर कॉइल पूर्ण वाळेपर्यंत पंखा चालू ठेवा आणि वाकांवर हिरवट निळे डाग दिसले तर ते लिहून ठेवा. पुढची कॉइल मागवताना इपॉक्सी कोटिंग मागा.

पुढच्या तपासणीसाठी लॉगबुकात सहाच गोष्टी लिहायला सांगा: बाहेरची हवा, कॉइलनंतरची ताजी हवा, एक्झॉस्ट, पाणी आत, पाणी बाहेर, आणि पंप चालू असताना गच्चीवरच्या गेजचा आकडा. सहावा आकडा 0.3 बारच्या खाली आला की टॉप-अप करण्याआधी पाणी कुठे गेलं ते शोधायचं.